थांबून उडी, दबून उडी: ताण-आखूड चक्र शिकवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही पाने सोलापूर आणि आसपासच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयांत बायोमेकॅनिक्स शिकवणाऱ्यांसाठी आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. इथे एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला आहे: आधी थोडं खाली दबून मारलेली उडी, बसलेल्या स्थितीत थांबून मारलेल्या उडीपेक्षा उंच का जाते? हा एक प्रश्न नीट उलगडला की स्ट्रेच-शॉर्टनिंग सायकलचा बराचसा धडा त्यातच होतो.

या चक्राला वर्गात काय म्हणावं? एसएससी चालेल का?

एसएससी म्हटलं की आपल्याकडे दहावीची परीक्षाच डोळ्यांसमोर येते, त्यामुळे पहिल्या तासाला तरी पूर्ण नाव घ्यावं. आम्ही इथे 'ताण-आखूड चक्र' हा शब्द वापरतो. तो ओबडधोबड असला तरी क्रम सांगतो: काम करत असलेला स्नायू आधी ताणला जातो आणि लगेच आखूड होतो. 'ताण-आकुंचन' म्हटलं की गोंधळ होतो, कारण ताणला जात असतानाही स्नायू आकुंचनाचं बल लावतच असतो. त्यालाच आपण इसेन्ट्रिक म्हणतो. स्नायू सैल सोडून नुसता लांबवला आणि मग आखडला, तर ते हे चक्र नव्हे. 'काम करत असलेला' हे शब्द व्याख्येतून गळू देऊ नका. उत्तरपत्रिकेत सगळ्यात जास्त वेळा तेच गळतात.

कोणत्या उड्या घ्यायच्या?

तीन पुरतात.

पहिली थांबून उडी, म्हणजे स्क्वॉट जंप. गुडघे साधारण काटकोनात वाकवून बसायचं, तीन सेकंद हलायचं नाही, आणि तिथूनच सरळ वर जायचं.

दुसरी दबून उडी, म्हणजे काउंटर-मूव्हमेंट जंप. ताठ उभं राहायचं, झटक्यात तेवढ्याच खोलीपर्यंत दबायचं आणि तळाशी न थांबता वर उसळायचं.

तिसरी उतरून उडी, म्हणजे ड्रॉप जंप. ठोकळ्यावरून खाली उतरायचं आणि पाय टेकताच उसळी घ्यायची. हिच्याकडे शेवटी वळू, कारण ती वरच्या दोघींपेक्षा वेगळ्याच जातीची आहे.

पहिल्या दोन उड्यांमध्ये फक्त एकच गोष्ट बदलायला हवी: आधी दबणं. बाकी सगळं सारखं ठेवायचं. हात कमरेवर, दोन्ही वेळा खोली तीच, बूट तेच, जमीन तीच. हात मोकळे सोडले तर हातांच्या झोक्याने उंचीत सहज काही सेंटिमीटरची भर पडते आणि मूळ फरक त्यात बुडून जातो. खोली सारखी ठेवायला सोपा उपाय म्हणजे दोन खुर्च्यांमध्ये बांधलेली सुतळी. बसताना सुतळीला बैठकीचा जेमतेम स्पर्श झाला पाहिजे, भार टाकायचा नाही. प्रत्येक विद्यार्थ्याच्या पायांच्या लांबीप्रमाणे सुतळी वर-खाली करावी लागते. त्यात दहा मिनिटं जातात, पण ती वाचवू नका. विद्यार्थ्यांना मोकळं सोडलं तर दोन उड्यांची खोली वेगवेगळी होते, आणि मग आपण मोजतो तो फरक चक्राचा असतो की खोलीचा, हे कळायला मार्ग उरत नाही.

प्रत्येक प्रकारच्या तीन उड्या, मध्ये किमान एक मिनिट विश्रांती, आणि तिन्हींची सरासरी. अर्ध्या वर्गाने थांबून उडी आधी घ्यावी, अर्ध्याने दबून उडी आधी, म्हणजे थकव्याचं किंवा सरावाचं माप एकाच बाजूला झुकणार नाही.

फोर्स प्लेट नाही. उंची कशी मोजायची?

मोबाइलने. पाय जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंतचा वेळ मोजला की उंची निघते. या वेळेचा अर्धा भाग वर जाण्यात आणि अर्धा खाली येण्यात जातो, त्यामुळे सूत्र असं होतं:

```
h = g × t² / 8
```

इथे h मीटरमध्ये, t सेकंदांत. g साठी ९.८ घ्या. सोलापूरच्या अक्षांशाला आणि उंचीला खरी किंमत ९.७८ च्या आसपास येते. पुस्तकातली ९.८१ धरली तरी ३० सेंटिमीटरच्या उडीत एका मिलिमीटरचा फरक पडतो, तेव्हा त्यावरून वाद घालण्यात वेळ दवडू नये.

वाद घालायचाच असेल तर फ्रेमवरून घाला. मोबाइलवर नेहमीचं चित्रण सेकंदाला ३० फ्रेमचं असतं. समजा उडी १५ फ्रेम हवेत होती, म्हणजे ०.५ सेकंद, म्हणजे ३०.६ सेंटिमीटर. मोजताना एकच फ्रेम चुकून १६ धरली तर उत्तर ३४.८ येतं. एका फ्रेमच्या चुकीने चार सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक! आणि आपण ज्या फरकाच्या मागे आहोत तो बहुतेक विद्यार्थ्यांत दोन ते चार सेंटिमीटर असतो. म्हणजे नेहमीच्या चित्रणाने हा प्रयोग होऊच शकत नाही. स्लो मोशनमध्ये २४० फ्रेमला चित्रण केलं तर एका फ्रेमची चूक साधारण अर्ध्या सेंटिमीटरची असते, आणि तीन उड्यांच्या सरासरीत ती आणखी कमी होते.

मोबाइल खरंच २४० फ्रेम घेतोय का, हे आधी तपासा. भिंतीवर जमिनीपासून एक मीटरवर खूण करा आणि तिथून चेंडू नुसता सोडा, फेकू नका. एक मीटर पडायला ०.४५ सेकंद लागतो, म्हणजे २४० च्या चित्रणात १०८ च्या आसपास फ्रेम यायला हव्यात. ५४ आल्या तर तुमचा फोन १२० ने चित्रण करतो. त्याने काही बिघडत नाही, फक्त भागाकार १२० ने करायचा. १०८ किंवा ५४ पैकी काहीच आलं नाही आणि प्रत्येक वेळी आकडा बदलत राहिला, तर तो फोन या कामासाठी सोडून द्या.

फोन जमिनीलगत, बाजूने, दीडेक मीटरवर उभा ठेवायचा आणि चौकटीत फक्त पावलं घ्यायची. बुटाचं टोक जमिनीपासून सुटलेलं दिसतं ती पहिली फ्रेम, आणि परत टेकलेलं दिसतं ती शेवटची. दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांना न सांगता मोजावं. दोघांत दोनपेक्षा जास्त फ्रेमचा फरक आला तर पुन्हा मोजावं.

फ्रेम बरोबर मोजूनही उंची अवाच्या सवा येते. का?

टेकताना गुडघे वाकलेले असतात म्हणून. सूत्र असं धरून चालतं की सुटताना आणि टेकताना शरीराची ठेवण सारखीच आहे. सुटताना पाय सरळ आणि टेकताना गुडघे पोटाकडे ओढलेले असतील, तर पाय उशिरा टेकतात आणि हवेतला वेळ फुकटचा वाढतो. टेकताना घोटा ताणलेला, गुडघा सरळ, पाऊल पुढच्या भागावर, आणि टेकल्यावर मग वाकायचं, अशी सूचना आधी द्या. चित्रणात टेकण्याच्या क्षणी गुडघा स्पष्ट वाकलेला दिसला तर ती उडी बाद. हा नियम सुरुवातीलाच जाहीर केलेला बरा, नाहीतर आकडा मोठा आला की तो सोडायला कुणी तयार होत नाही.

एका विद्यार्थ्याचे आकडे घेऊन पूर्ण करून दाखवाल का?

६० किलो वजनाचा विद्यार्थी घेऊ. थांबून उडीत सरासरी १२० फ्रेम, दबून उडीत १२७ फ्रेम, चित्रण २४० चं.

१२० फ्रेम म्हणजे ०.५०० सेकंद. उंची ३०.६ सेंटिमीटर.
१२७ फ्रेम म्हणजे ०.५२९ सेकंद. उंची ३४.३ सेंटिमीटर.

फरक ३.७ सेंटिमीटर. आता याला ऊर्जेच्या भाषेत आणा. त्याचं वजन ६० गुणिले ९.८, म्हणजे ५८८ न्यूटन. त्याला ०.३०६ मीटरने गुणलं की १८० जूल, ०.३४३ ने गुणलं की सुमारे २०२ जूल. म्हणजे दबून उडी मारताना त्याच पायांनी, त्याच खोलीतून, २२ जूल जास्त काम केलं.

हे २२ जूल फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पुढचा सगळा तास ते कुठून आले हे शोधण्यातच जायला हवा.

ते रबरासारखे साठवलेले जूल नाहीत का? पुस्तकात तर तसंच दिलं आहे.

हे उत्तर बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असतं: खाली दबताना स्नायू आणि कंडरा रबरासारख्या ताणल्या जातात, ऊर्जा साठते, वर जाताना ती परत मिळते. यातला प्रत्येक तुकडा वेगळा काढला तर खोटा नाही. पण या दोन उड्यांमधल्या फरकाचं मुख्य कारण म्हणून ते उत्तर पुरत नाही, आणि ते का पुरत नाही हे समजणं हाच या धड्याचा गाभा आहे.

आधी थांबून उडीकडे नीट पाहा. विद्यार्थी सुतळीपाशी स्थिर बसला आहे. तो स्थिर आहे, म्हणजे पाय जमिनीवर बरोबर त्याच्या वजनाएवढंच बल लावत आहेत: ५८८ न्यूटन. त्याहून जास्त लावलं तर तो तत्क्षणी वर जायला लागेल. म्हणजे तळाशी बसून 'आधी पूर्ण जोर भरून घेतो आणि मग सुटतो' हे त्याला करताच येत नाही. जोर वाढायला लागला की शरीर निघालंच. आणि स्नायूचा जोर बटण दाबल्यासारखा वाढत नाही. मेंदूचा आदेश पोचणं, तंतूंमध्ये कॅल्शियम सुटणं, स्नायूतले पूल जुळणं, कंडरेतला सैलपणा जाऊन ती ताठ होणं, या सगळ्याला वेळ लागतो. पूर्ण जोरापर्यंत पोचायला सेकंदाचा दोन-तीन दशांश भाग सहज जातो. तेवढ्या वेळात शरीर वर सरकलेलं असतं. परिणामी वर जाण्याच्या वाटेतले पहिले काही सेंटिमीटर अर्धवट जोरात निघून जातात, आणि ते पुन्हा मिळत नाहीत.

आता दबून उडी. विद्यार्थी खाली येतोय आणि समजा त्याचा सर्वांत जास्त वेग सेकंदाला १ मीटर आहे. हा वेग त्याला तळापर्यंत शून्यावर आणायचा आहे. त्यासाठी ०.२ सेकंद मिळाला, आणि या काळात बल वजनापासून सरळ रेषेत वाढत गेलं असं धरू. संवेग ६० गुणिले १, म्हणजे ६०. तो ०.२ सेकंदात मोडायचा तर वजनाच्या वर सरासरी ३०० न्यूटन लागतात, आणि सरळ रेषेत वाढ असल्याने तळाशी त्याच्या दुप्पट, म्हणजे ६०० न्यूटन. त्यात वजनाचे ५८८ मिळवा. तळाशी पाय जवळजवळ ११९० न्यूटन लावत आहेत.

दोन आकडे शेजारी ठेवा. वर निघण्याच्या क्षणी थांबून उडीत ५८८ न्यूटन, दबून उडीत ११९०. दोघांची जागा तीच, गुडघ्याचा कोन तोच. पण एक पाय अजून जोर जमवतोय, दुसऱ्याने तो खाली येतानाच जमवून ठेवला आहे. जमवायला वेळ मिळाला कारण त्या वेळेत शरीर खाली येत होतं, वरची वाट खर्च होत नव्हती.

हा फरक वरच्या वाटेच्या सुरुवातीलाच असतो. पहिल्या १० सेंटिमीटरमध्ये थांबून उडीत वजनाच्या वर सरासरी ३०० न्यूटन आणि दबून उडीत ५०० न्यूटन मिळाले असं धरा. फरक २०० न्यूटन, अंतर ०.१ मीटर, जास्तीचं काम २० जूल. आपल्याला हवे होते २२. उरलेल्या वाटेत दोन्ही उड्या जवळजवळ सारखा जोर लावत असल्या तरी हिशोब जुळतो. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, प्रत्येकाचे वेगळे येतील. पण फरक वाटेच्या कोणत्या भागात पडतो, ते चित्र फोर्स प्लेटच्या आलेखावरही असंच दिसतं.

रस्सीखेच खेळलेल्या मुलांना हे एका वाक्यात कळतं. शिट्टी वाजायच्या आधी दोर ताठ असेल तर पहिल्या पावलापासून ओढ मिळते. दोर सैल असेल तर पहिलं पाऊल दोर ताठ करण्यातच जातं.

मग ऊर्जा साठते त्याचं काय? कंडरा काही करतच नाही का?

करते, आणि बरंच करते. टाचेवरची जाड कंडरा ताणल्यावर घातलेल्या कामाचा सुमारे ९० टक्के भाग परत देते, बाकी उष्णतेत जातो. प्रश्न एवढाच आहे की हे काम दबून उडीतच होतं आणि थांबून उडीत होत नाही, असं आहे का? नाही. कंडरा किती ताणली जाईल हे तिच्यावर किती बल आहे त्यावर ठरतं, शरीर खाली येतंय की वर जातंय त्यावर नाही. थांबून उडीतही बल वाढत जातं तशी कंडरा ताणली जाते आणि शेवटी सुटते. तिथे तिला ताणायचं काम स्नायू स्वतः आखूड होऊन करतो.

आणखी एक गोष्ट. दबताना शरीराची स्थितिज ऊर्जा कमी होते, तिचा काही भाग कंडरेत साठतो, काही स्नायूत उष्णता होऊन जातो. साठलेली ऊर्जा फुकट नसते. कंडरा वेगाने सुटताना स्नायूला तेवढ्या वेगाने आखूड व्हावं लागत नाही, आणि हळू आखूड होणारा स्नायू जास्त बल देऊ शकतो, हा मात्र खरा फायदा आहे. पण तोही दोन्ही उड्यांत मिळतो.

कामगिरीतल्या या फरकाचा हिशोब ॲमस्टरडॅमच्या मार्टेन बॉबर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रत्यक्ष उड्या आणि संगणकीय प्रतिमान दोन्ही वापरून तपासला. वर निघण्याआधी जोर जमवायला मिळालेला वेळ हेच मुख्य कारण, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याआधी १९६० च्या दशकात इटलीत जोव्हान्नी काव्हान्या आणि सहकाऱ्यांनी ताणलेला स्नायू जास्त काम करतो हे दाखवलं होतं, आणि लवचिक ऊर्जेचं स्पष्टीकरण तिथूनच वर्गावर्गांत पोचलं. विद्यार्थ्यांनी दोन्ही लिहावं. फक्त कुठल्या उडीच्या बाबतीत कशाचं वजन जास्त, हे त्यांना सांगता आलं पाहिजे.

ताण-प्रतिक्षेपाचं, म्हणजे स्ट्रेच रिफ्लेक्सचं काय?

वेळ मोजून उत्तर शोधायला लावा. स्नायू अचानक ताणला गेल्यापासून मज्जारज्जूतून आदेश परत यायला ३० ते ५० मिलिसेकंद लागतात, आणि त्या आदेशाचं बलात रूपांतर व्हायला आणखी वेळ. उतरून उडीत पाय जमिनीवर २०० मिलिसेकंद असतात आणि ताण झटक्यात येतो, तेव्हा तिथे प्रतिक्षेपाला जागा आहे. दबून उडीत ताण सावकाश येतो आणि मांडीचे स्नायू तोवर मेंदूच्या आदेशानेच चालू झालेले असतात. म्हणून दबून उडीच्या उत्तरात प्रतिक्षेप पहिल्या ओळीत लिहू नये.

तळाशी जरा थांबलं तर फायदा लगेच जातो का?

लगेच नाही, हळूहळू जातो, आणि हाच या धड्यातला सर्वांत चांगला दुसरा प्रयोग आहे. तीच दबून उडी, पण तळाशी एक, दोन आणि चार सेकंद थांबून. थांबण्याचा वेळ एकाने स्टॉपवॉचवर मोठ्याने मोजायचा. बेंच प्रेसवर १९९१ मध्ये झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात हा फायदा निम्मा व्हायला सुमारे ०.८५ सेकंद लागतो असं आढळलं होतं. म्हणजे एक सेकंद थांबल्यावरही निम्म्याच्या आसपास शिल्लक असतो, चार सेकंदांनंतर जवळजवळ काही उरत नाही.

यावरून थांबून उडीत तीन सेकंद का थांबायचं हेही कळतं. एका सेकंदाच्या थांब्याने घेतलेली थांबून उडी खरं तर अर्धी दबून उडी असते. दहा सेकंद थांबवलं तर उलट मांड्या थकतात आणि उडी खोटी कमी दिसते.

थांबून उडी बरोबर झाली हे कसं ओळखायचं?

या प्रयोगात सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. बसलेला माणूस 'उडी' म्हटल्याबरोबर आधी दोन-तीन सेंटिमीटर खाली दबतो आणि मग उसळतो. त्याला स्वतःला हे जाणवतही नाही. शरीराला दबूनच उडायची सवय आहे, आणि ती सूचनेने मोडत नाही. या छोट्या दबण्याने थांबून उडीची उंची वाढते, दोन उड्यांमधला फरक घटतो, आणि विद्यार्थी निष्कर्ष काढतात की आमच्यात हे चक्र काम करत नाही.

कमरेच्या बाजूला, नितंबाच्या हाडाच्या उंचवट्यावर, पांढऱ्या टेपचा रुपयाएवढा तुकडा चिकटवा आणि दुसऱ्या फोनने बाजूने चित्रण करा. उडीच्या आधीच्या फ्रेम एकेक करून पाहा. टेप आधी खाली गेली आणि मग वर, तर उडी बाद. फोर्स प्लेट असेल तर आलेख वर जायच्या आधी वजनाच्या रेषेखाली डोकावतो का ते पाहायचं, कारण खाली दबायचं तर आधी पायांचा जोर वजनापेक्षा कमी व्हावाच लागतो.

पहिल्या दिवशी दोन-तीन उड्या बाद होतीलच, म्हणून मोजणीच्या आधी सरावाच्या पाच-सहा उड्या द्या. सुतळी इथेही मदत करते: स्पर्श झालेली सुतळी उडीच्या क्षणी दाबली गेली की शेजारी उभ्या विद्यार्थ्याला ती हललेली दिसते.

एखाद्याची थांबून उडीच जास्त उंच आली तर?

आधी टेपचं चित्रण पुन्हा बघा, मग खोली. त्यातही काही सापडलं नाही तर दबण्याचा वेग पाहा. काही जण दबून उडीतही जपून, सावकाश खाली येतात. वेग सेकंदाला ०.४ मीटर असेल तर मोडायला लागणारं बल त्या प्रमाणात कमी होतं, तळाशी जोर जमलेला नसतो, आणि आधी दबण्याचा अर्थच उरत नाही. 'पटकन दब, पटकन उसळ' एवढी एक सूचना देऊन परत घ्या.

दोन उड्यांत जास्त फरक, म्हणजे चक्र जास्त चांगलं, असं म्हणता येईल?

हा निष्कर्ष सरसकट काढू नका. काही प्रशिक्षक दबून उडीला थांबून उडीने भागतात आणि गुणोत्तर मोठं आलं की खूश होतात. पण फरक मोठा होण्याचे दोन रस्ते आहेत. एक, दबून उडी खरंच उंच असणं. दोन, थांबून उडी फार कमी असणं, कारण त्या खेळाडूचा जोर शून्यापासून फार सावकाश जमतो. वर जे जोर जमवण्याबद्दल सांगितलं तेच इथे लागू होतं: ज्याला जोर जमवायला वेळ लागतो त्याला आधी दबण्याचा फायदा जास्त दिसतो. खो-खोत बसलेल्या स्थितीतून खो मिळताच उठणाऱ्या खेळाडूला दबायला वेळच मिळत नाही. त्याच्यासाठी मोठं गुणोत्तर ही चिंतेची खूण असू शकते. म्हणून नोंदवहीत गुणोत्तर एकटं लिहू नका, दोन्ही उंच्या शेजारी लिहा.

उतरून उडी वेगळ्या जातीची का म्हणायची?

कारण तिथे जमिनीवरचा वेळ फार थोडा असतो. दबून उडीत दबायला सुरुवात केल्यापासून सुटेपर्यंत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ जातो. उतरून उडी नीट जमली तर पाय टेकल्यापासून सुटेपर्यंत ०.२ सेकंद पुरतो. साधारण ०.२५ सेकंदाच्या खाली जलद चक्र आणि वर संथ चक्र, अशी वर्गवारी जर्मन अभ्यासक श्मिटब्लायखर यांच्या नावाने पुस्तकांत येते. ती सोयीची रेषा आहे, शरीरात तिथे काही दरवाजा नाही. पण एक गोष्ट खरी बदलते. जलद चक्रात पोटरीचे तंतू फारसे लांब-आखूड होत नाहीत, जवळजवळ आहे त्या लांबीत ताठ राहतात, आणि टाचेची कंडरा ताणली जाऊन सुटते. रबराचं स्पष्टीकरण जे दबून उडीत अपुरं पडलं, ते इथे बऱ्यापैकी बसतं. दोरीवरच्या उड्या हे त्याचं रोजचं उदाहरण.

त्याच ६० किलोच्या विद्यार्थ्याला ३० सेंटिमीटरच्या ठोकळ्यावरून उतरवलं. टेकताना वेग सेकंदाला सुमारे २.४ मीटर. पाय जमिनीवर ४८ फ्रेम, म्हणजे ०.२० सेकंद. मग हवेत ११३ फ्रेम, उंची २७.२ सेंटिमीटर. उंची मीटरमध्ये भागिले जमिनीवरचा वेळ, ०.२७२ भागिले ०.२०, म्हणजे १.३६. याला रिॲक्टिव्ह स्ट्रेंग्थ इंडेक्स म्हणतात. आता ठोकळा ६० सेंटिमीटरचा. जमिनीवर ७६ फ्रेम, ०.३१७ सेकंद. हवेत ११५ फ्रेम, उंची २८.१. निर्देशांक घसरून ०.८९ वर आला. उंची पाहिली तर मोठा ठोकळा बरा वाटतो. वेळ पाहिला की कळतं, त्याने वेग मोडायला टाचा टेकवल्या, गुडघे खोल वाकवले आणि उडीचं रूपांतर संथ चक्रात केलं. जलद चक्राचा सराव हवा असेल तर त्याच्यासाठी ६० चा ठोकळा चुकीचा आहे.

आणखी एक नेहमीची चूक: ठोकळ्यावरून उतरण्याऐवजी वर उडी मारून खाली येणं, किंवा आधी गुडघा वाकवून बुड खाली नेऊन मग उतरणं. दोन्हींत पडण्याची खरी उंची ३० राहत नाही. एक पाऊल पुढे हवेत टाकायचं आणि शरीर नुसतं सोडायचं. घोटा किंवा गुडघा दुखत असलेल्याने उतरून उडी घेऊ नये, आणि टेकताना गुडघे आत वळत असतील तर ठोकळा कमी करावा.

जमीन कोणती असावी?

शहाबादी फरशीचा व्हरांडा किंवा सिमेंटचं कोर्ट उत्तम, मात्र ती कोरडी असावी. पावसाळ्यात काळ्या मातीचं मैदान पायाखाली दबतं, जमिनीवरचा वेळ वाढतो आणि सुटण्याची फ्रेम नेमकी सापडत नाही. जाड मॅटवरही तेच होतं. एप्रिल-मे मध्ये मोजणी सकाळी आठच्या आत उरकावी. उन्हात तापलेला फोन स्लो मोशन मध्येच बंद करतो.

परीक्षेत काय विचारावं?

व्याख्या विचारली की पाठ केलेलं रबर परत येतं. त्याऐवजी असा प्रश्न द्या: एक खेळाडू सुतळीपाशी स्थिर बसला आहे. त्याच्या खांद्यावर छताला पक्की केलेली एक आडवी दांडी टेकवली आहे. तो वजनाच्या दुप्पट बलाने तिला रेटतो आहे, पण हलू शकत नाही. दांडी अचानक काढून घेतली. तो नेहमीच्या थांबून उडीपेक्षा उंच जाईल का, आणि का?

ज्याला मुद्दा कळला आहे तो लिहील: हो, उंच जाईल. तो खाली दबलेला नाही, तरी वर निघायच्या आधीच पायांत जोर जमला होता, आणि वाटेचे पहिले सेंटिमीटर वाया गेले नाहीत. पूर्ण गुण त्याला द्या ज्याने पुढे हेही लिहिलं की रेटताना कंडराही ताणली गेली होती, पण तिला ताणायचं काम पडणाऱ्या शरीराने नव्हे, स्नायूने केलं होतं.